विहिरींच्या पाण्याची सरासरी 296, पण 15 पैकी 13 विहिरी 171 च्या आत. अहवालात नेमकं काय लिहावं?

कातळफूल

नमस्कार मंडळी. जयगड खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात शाळेतल्या मुलांना घेऊन मी दर उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तपासते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर बुडवायचं, आकडा वहीत लिहायचा, संध्याकाळी शाळेच्या संगणकावर शीटमध्ये भरायचा. या वर्षी एप्रिलअखेरच्या 15 विहिरींचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून देते, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये:

92, 104, 110, 118, 121, 126, 130, 134, 139, 145, 152, 160, 171, 1260, 1480

सरासरी 296 येते. ग्रामसभेत हा आकडा वाचला की लोक म्हणणार गावाचं पाणी बिघडलं. पण 296 च्या आसपास एकही विहीर नाही. तेरा विहिरी त्याच्या बऱ्याच खाली आहेत आणि दोन कुठल्या कुठे वर. प्रमाण विचलन काढलं तर 438 आलं, म्हणजे सरासरीपेक्षाही मोठं. त्यातून मला काहीच अर्थ लागत नाही.

ते दोन आकडे काढून टाकावेत का? एक सहकारी म्हणतात, सरळ खोडा, मुलांनी चुकीचं लिहिलं असणार. मला असं खोडणं पटत नाही, पण ठेवून काय करायचं तेही कळत नाही.

रायवळ

ताई, यात अवघड काही नाही. मी आंब्याच्या वजनांचं असंच करतो. सरासरी काढायची, प्रमाण विचलन काढायचं आणि सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या पलीकडचं जे असेल ते बाजूला ठेवायचं. तुमच्या आकड्यांत 296 अधिक दुप्पट 438 म्हणजे 1172. तुमचे 1260 आणि 1480 दोन्ही त्याच्या वर आहेत. दोन्ही काढा, उरलेल्या तेरांची सरासरी 131 येते. तोच तुमच्या गावाचा आकडा.

खाडीकाठ

1480 ची विहीर खालच्या वाडीतली आहे का? खारबंदिस्तीच्या बाजूला असेल तर आधी बांध बघा. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात बांधाला भगदाड पडलं आणि उधाणाचं पाणी खाजणातून आत यायला लागलं. तेव्हापासून कडेच्या दोन बावींचं पाणी मचूळ झालंय, डाळ शिजत नाही. बांध बांधून घ्यायला ग्रामपंचायतीकडून अर्ज पाठवावा लागतो आणि त्याला वर्ष जातं. पावसाआधी माती तरी टाकून घ्या.

कातळफूल

@खाडीकाठ, बांधाचा प्रश्न खरा आहे, पण मी विचारते आहे ते आकड्यांचं. तरी तुमच्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. 1480 ची विहीर खरंच खालच्या वाडीत, खाजणाला लागून आहे. 1260 ची मात्र वर कातळाच्या पायथ्याशी आहे, तिथे खाडीचं पाणी पोचण्याचं काही कारण दिसत नाही.

लोलक

कातळफूल, तुम्ही खोडलं नाहीत हे फार चांगलं केलंत. मी तीस-पस्तीस वर्षं प्रयोगशाळेच्या मोजमापांत घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रायवळ यांच्या पद्धतीबद्दल. तुमच्या आकड्यांवर ती चालली, हे खरं. पण ती का चालली ते बघा, कारण थोडक्यात वाचली आहे. ज्या दोन आकड्यांवर तुम्हाला संशय आहे, त्यांनीच सरासरी 131 वरून 296 वर नेली आणि प्रमाण विचलन तेविसाच्या आसपास असायचं ते 438 केलं. पुष्कळ लोक दोन ऐवजी तीन प्रमाण विचलनांची मर्यादा घेतात. ती घेतली तर कुंपण 1611 वर जातं आणि 1480 सुद्धा निर्धास्त आत बसतो. भरकटलेला आकडा मोजपट्टीच ताणतो आणि मग त्याच पट्टीने मोजल्यावर बरोबर ठरतो.

दोनची मर्यादा तरी टिकते का? समजा तिसऱ्या एका विहिरीत गडबड झाली आणि 171 च्या जागी 1710 लिहिलं गेलं. आता सरासरी 399, प्रमाण विचलन 568, दोनचं कुंपण 1535 वर. फक्त 1710 पकडला जातो. काल पकडलेले 1260 आणि 1480 आज सुटले, त्यांच्यात काहीही बदललेलं नसताना. आणखी एक गंमतशीर मर्यादा आहे. दहा किंवा त्याहून कमी आकडे असतील तर कुठलाही आकडा, कितीही राक्षसी असो, स्वतःला धरून काढलेल्या सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. दहा आकड्यांत ती कमाल 2.85 आहे. म्हणजे लहान यादीवर तीनची चाळणी लावणारा माणूस काही सापडलं नाही म्हणून समाधानी असतो, आणि सापडणं शक्यच नव्हतं.

म्हणून पट्टी अशी हवी की जी या दोन-तीन आकड्यांनी हलणार नाही. मध्यक घ्या. पंधरांतला आठवा, 134. आता प्रत्येक विहीर 134 पासून किती दूर आहे ते लिहा, अधिक-उणे सोडून द्या. तुमच्या यादीच्या क्रमाने ती अंतरं अशी:

42, 30, 24, 16, 13, 8, 4, 0, 5, 11, 18, 26, 37, 1126, 1346

ही पुन्हा लहान-मोठी लावा आणि त्यांचाही मधला घ्या. आठवं अंतर 18. यालाच मॅड म्हणतात. अर्थ साधा आहे: निम्म्या विहिरी 134 पासून 18 च्या आत आहेत. वर सांगितलेला 171 चा 1710 करून बघा. मध्यक 134 च राहतो आणि मॅड 18 चा 18.

रायवळ यांना सवयीची पट्टी हवी असेल तर 18 ला 1.4826 ने गुणा, 26.7 येतं. आकडे घंटेच्या आकाराने पसरलेले असतील तर या गुणाकाराने मॅड प्रमाण विचलनाच्या मापात येतो. आता साडेतीनपट घेतलं तर सुमारे 93, म्हणजे साधारण 41 ते 227 च्या बाहेरचं जे असेल त्याच्याकडे जाऊन बघायचं. तेरा विहिरी आरामात आत आहेत. 1260 आणि 1480 अनुक्रमे 42 पट आणि 50 पट दूर आहेत. इथे साडेतीन घ्या, तीन घ्या की पाच घ्या, निकाल तोच. साडेतीन हा रूढ आकडा आहे, निसर्गाचा नियम नव्हे.

मी "जाऊन बघायचं" म्हटलं, "काढून टाकायचं" नाही. मॅड फक्त बोट दाखवतो. चूक कोणती आणि खरं खारं पाणी कोणतं हे त्याला माहीत नसतं.

रायवळ

मान्य, तीन भरकटले तर माझं कुंपण कोसळतं. पण मग इतका खटाटोप कशाला? सरळ मध्यक लिहा 134 आणि मोकळे व्हा. मध्यकाला काहीच होत नाही ना?

लोलक

काहीच होत नाही असं नाही, निम्म्यापर्यंत टिकतो. पंधरांपैकी सात विहिरी खारावल्या तरी मध्यक गोड विहिरींतच राहील, आठवी खारावली की उडी मारून पलीकडे जाईल. मॅडचंही तेच. आणि सात खारावल्या असतील तर त्यांना भरकटलेल्या म्हणणं हेच चूक. मग गावात दोन प्रकारचं पाणी आहे आणि दोन वेगळे आकडे द्यायला हवेत.

मध्यकाची दुसरी बाजू अशी की तो मधल्या एका विहिरीवर उभा असतो. बाकीच्या बारा चांगल्या विहिरींनी दिलेली माहिती तो फक्त क्रमापुरती वापरतो. त्यामुळे स्वच्छ आकड्यांतही दर वर्षी तो सरासरीपेक्षा जास्त हिंदकळतो. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर मी छाटलेली सरासरी घेतो: दोन्ही टोकांचे ठरावीक आकडे सोडायचे आणि उरलेल्यांची साधी सरासरी काढायची. शीटमध्ये त्याचं फंक्शन आहे, करून बघा. किती छाटायचं ते आकडे बघण्याआधी ठरवा, नाहीतर हवं ते उत्तर येईपर्यंत माणूस छाटत बसतो.

कातळफूल

लोलककाका, खूप आभार. मॅड मुलांनी फळ्यावर काढला, 18 च आला. पण छाटलेल्या सरासरीत अडकले आहे. 20 टक्के छाटायचं आधी ठरवलं आणि शीटमध्ये हे लिहिलं:

```
=TRIMMEAN(B2:B16, 0.2)
```

उत्तर 220.77 आलं. हे तर अजूनही तेराच्या तेरा विहिरींच्या वर आहे. मग ही पद्धत टिकाऊ कशी?

बंदरावरचा

मी हिशेबाच्या शीट्स रोज बघतो, इथे नेहमी लोक फसतात. TRIMMEAN मधला 0.2 हा दोन्ही टोकांचा मिळून असतो. 15 चे 20 टक्के म्हणजे 3. तीन दोन्हीकडे समान वाटता येत नाहीत म्हणून ते खाली उतरून 2 धरतं, म्हणजे वरून एक, खालून एक. तुमचा 92 गेला आणि 1480 गेला. 1260 आतच बसलाय.

प्रत्येक टोकाचे 20 टक्के हवे असतील तर 0.4 लिहायचं. सहा जातील, तीन वरून, तीन खालून.

```
=TRIMMEAN(B2:B16, 0.4)
```

136.11 येईल. पायथॉनमध्ये उलटं आहे, तिथे दिलेला आकडा प्रत्येक टोकाचा:

```
from scipy import stats
stats.trim_mean(x, 0.2)                        # 136.11
stats.median_abs_deviation(x)                  # 18.0
stats.median_abs_deviation(x, scale="normal")  # 26.69
```

शेवटच्या ओळीत 1.4826 चा गुणाकार आपोआप होतो, मधल्या ओळीत होत नाही. आर वापरत असाल तर `mad(x)` तो गुणाकार न विचारता करून देतं. दोन जण वेगवेगळ्या ठिकाणी मॅड काढून 18 आणि 26.69 घेऊन भांडत बसलेले मी पाहिले आहेत.

आणि कृपा करून AVEDEV वापरू नका. ते सरासरीपासूनच्या अंतरांची सरासरी काढतं. तुमच्या आकड्यांवर ते 286 येतं. मॅडसाठी शीटमध्ये हे लिहा:

```
=ARRAYFORMULA(MEDIAN(ABS(B2:B16-MEDIAN(B2:B16))))
```

जुन्या एक्सेलमध्ये ARRAYFORMULA शिवाय लिहून Ctrl+Shift+Enter दाबायचं.

लोलक

बंदरावरचा, छान उलगडून सांगितलंत. एक भर घालतो. 220.77 हा आकडा फंक्शनची चूक नाही, छाटलेल्या सरासरीची खरी मर्यादा तो दाखवतो. ती वरून जितके आकडे सोडते, तेवढेच भरकटलेले आकडे वरच्या बाजूला सहन करते. एक सोडला आणि दोन भरकटले असतील तर उरलेला एक सरासरीला पूर्ण ओढतो, कारण आत राहिलेल्यांची ती साधी सरासरीच असते. खालून 92 सोडल्याचा वरच्या संकटात काहीच उपयोग होत नाही. विहिरींचं मीठ, पावसाचे मिलिमीटर असल्या मोजमापांत भरकटणं बहुतेक एकाच बाजूला होतं, म्हणून मी प्रत्येक टोकाला 20 टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही.

खातरजमा करायची सोपी युक्ती आहे. छाटणी थोडी वाढवून बघा. प्रत्येक टोकाचा एक सोडल्यावर 220.77 आणि तीन सोडल्यावर 136.11, अशी मोठी घसरण दिसली की पहिल्या छाटणीत काहीतरी आत राहिलं होतं. दोन सोडून बघितलंत तर 137 च्या जवळ येईल, म्हणजे तिथेच स्थिरावलं.

पर्जन्यमापी

हा धागा माझ्या कामाचा निघाला. चिपळूणजवळ घराच्या गच्चीवर मी पर्जन्यमापक ठेवला आहे, रोज सकाळी साडेआठला वाचतो. जुलैची रोजची सरासरी एक-दोन राक्षसी दिवसांमुळे फुगते. मीही प्रत्येक टोकाचे 10 टक्के छाटले तर चालेल ना? आणि मेच्या महिन्यात मॅड शून्य येतो, तिथे काय करायचं?

लोलक

पर्जन्यमापी, तुमच्याकडे मी हे अजिबात वापरणार नाही.

जुलैचे 31 दिवस. दहा टक्के छाटलं तर वरचे तीन दिवस गेले. कोकणात महिन्याच्या पावसाचा मोठा वाटा अशाच तीन-चार दिवसांत पडतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. त्या दिवसांना छाटून उरलेली सरासरी ज्या जुलैबद्दल बोलते तो जुलै झालेलाच नाही. पाणी किती आलं हा प्रश्न असेल तर बेरीज लागते, आणि बेरजेत प्रत्येक दिवस मोजावा लागतो. कातळफूल यांचा प्रश्न वेगळा आहे: इथली नेहमीची विहीर कशी? तिथे एका विहिरीचं मीठ दुसरीत मिसळत नाही, सगळ्यांची बेरीज करून काही मिळत नाही.

शिवाय पावसाचे आकडे एका बाजूला लांब पसरलेले असतात. मध्यकाच्या दोन्ही बाजूंना सारखं कुंपण घालणारा मॅड दर जुलैत पाच-सहा खऱ्या मुसळधार दिवसांकडे बोट दाखवेल. तुमच्या मापकात गडबड झाली का हे बघायचं असेल तर त्याच दिवसाचा शेजारच्या केंद्राचा आकडा बघा, गाळणीत पान अडकलं होतं का बघा, बाटली भरून वाहिली होती का बघा.

मेचं शून्य समजण्यासारखं आहे. 31 पैकी वीस दिवस कोरडे असतील तर मध्यक शून्य, आणि निम्म्याहून जास्त अंतरंही शून्य, म्हणून मॅडही शून्य. मग दोन मिलिमीटरची सरसुद्धा अनंतपट दूर ठरते. निम्म्याहून जास्त आकडे एकच असतील तिथे मॅड कामाचा नाही. कोरडे दिवस किती ते वेगळं लिहा आणि पावसाच्या दिवसांचं वेगळं बघा.

पर्जन्यमापी

बेरजेचं पटलं. पण वाचन चुकलेला दिवस ओळखायला शेजारचं केंद्र माझ्यापासून घाटाच्या बाजूला आहे, तिथे माझ्या दुप्पट पडतो कधी कधी. तुलना कशी करू?

बंदरावरचा

दोघांचं गुणोत्तर रोज काढून ठेवा, दोघांकडे पाऊस असलेल्या दिवसांचंच. गुणोत्तरांचा मध्यक आणि मॅड बघा. आकड्यांपेक्षा गुणोत्तर जास्त शिस्तीत असावं असा माझा अंदाज आहे. लॉग घेऊन केलंत तर आणखी बरं.

कातळफूल

मुलांना घेऊन दोन्ही विहिरींवर पुन्हा जाऊन आले.

कातळाखालच्या विहिरीला मीटरने 126 दाखवलं, तीनदा बुडवून तेच. कारणही सापडलं. आमच्या मीटरवर आकडा 999 च्या पुढे गेला की पडद्यावर तीनच अंक दिसतात आणि बाजूला ×10 असं चिन्ह लुकलुकतं. खालच्या वाडीत 148 आणि ×10 दिसलं, मुलांनी बरोबर 1480 लिहिलं. त्याच दिवशी पुढची विहीर ही होती. नुकताच शिकलेला गुणाकार तिथेही केला गेला, चिन्ह नसताना. त्यामुळे 126 चे 1260 झाले.

खालच्या वाडीतली विहीर मात्र खरी 1480 आहे. या वेळी 1470 आलं, चिन्ह लुकलुकत होतं, पाणी जिभेला मचूळ लागतं.

दुरुस्त यादीवर सगळं पुन्हा काढलं. मध्यक 134 चा 130 झाला, मॅड 18 चा 15. प्रत्येक टोकाचे तीन छाटलेली सरासरी 136.1 वरून 132.3. साधी सरासरी 296 वरून 220.5. मुलांना हेच सगळ्यात जास्त आवडलं, की चूक सापडण्याआधी आणि नंतर तीन आकडे जवळपास जागेवर राहिले आणि एक धाडकन पडला.

रायवळ

म्हणजे दोनपैकी एक चूक, एक खरा. दोन्ही खोडले असते तर खऱ्या खाऱ्या विहिरीचा पत्ताच लागला नसता. हे मला आंब्यांतही बघायला हवं. मी बाजूला ठेवलेली वजनं पुन्हा कधी बघत नाही.

खाडीकाठ

ताई, त्या खालच्या विहिरीचा गेल्या वर्षीचा आकडा काय होता? बांध कधी फुटला ते त्यावरून कळेल.

कातळफूल

गेल्या वर्षी तिची नोंद 139 आहे. मलाही आताच बघून धक्का बसला. 139 वरून 1480?

बंदरावरचा

किंवा 139 आणि ×10. चिन्ह कुणी पाहिलंच नसेल तर?

लोलक

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. गेल्या वर्षी मुलांनी ×10 चुकवलं असेल तर 1390 चे 139 झाले आणि तो आकडा गर्दीत जाऊन उभा राहिला. इतर विहिरी 90 ते 170 मध्ये आहेत, 139 त्यांच्यासारखाच दिसतो. मध्यक, मॅड, छाटणी, कुणीही त्याला ओळखू शकत नाही. या सगळ्या पद्धती दूर गेलेल्यांनाच पकडतात. चुकून जवळ आलेला आकडा त्यांच्यासाठी निर्दोष असतो.

पण तुमच्याकडे दोन वर्षांचे आकडे विहीरवार आहेत. प्रत्येक विहिरीचा या वर्षीचा उणे गेल्या वर्षीचा असा फरक काढा आणि त्या 15 फरकांवर मॅड लावा. बाकीच्या विहिरींचे फरक लहान असतील तर खालच्या वाडीचा 1341 लांबूनच दिसेल. एका वर्षाच्या यादीत लपलेली चूक फरकांच्या यादीत लपत नाही.

फरकांवरून हे कळेल की त्या विहिरीत काहीतरी झालं. गेल्या वर्षी चुकीचं लिहिलं गेलं की या वर्षी खरंच खाडीचं पाणी शिरलं, हे फरक सांगू शकत नाही. ते विहीरवाल्यांनाच विचारावं लागेल.

कातळफूल

फरक काढले. चौदा विहिरींचे फरक उणे 14 ते अधिक 19 मध्ये आहेत. पंधरावा 1341.

घरी विचारलं. आजी म्हणाल्या दोन उन्हाळे पाणी मचूळ आहे. त्यांचा मुलगा म्हणतो, नाही, बांध गेल्या ऑगस्टात फुटला, त्याआधी पाणी चांगलं होतं. आजी ठाम आहेत, मुलगाही ठाम आहे.

मचवा

पहिल्यांदाच लिहितेय, शेवटपर्यंत वाचलं. मला एक गोष्ट खटकते. अहवालात "गावाचं पाणी साधारण 132" असं लिहिलं तर त्या घराचं काय? भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा 500 आहे, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. हे घर 1480 पितं. छाटणीत नेमकं तेच घर छाटलं जातं. फुगलेली 220 ची सरासरी निदान सांगते तरी की कुठेतरी काहीतरी बिनसलंय.

लोलक

मचवा, तुमची काळजी रास्त आहे, उपाय मला पटत नाही. 220 वाचून तो आकडा कुणाचा हे कळत नाही. तेरा-चौदा घरं घाबरतात आणि खालच्या वाडीतलं घर म्हणतं, 220 म्हणजे 500 च्या आतच आहे की. त्या घराला खोटा धीर देण्याचं काम सरासरीच करते. दोन ओळी लिहा: नेहमीची विहीर 130, निम्म्या विहिरी त्याच्या 15 च्या आत, आणि खालच्या वाडीतली एक विहीर 1480, पुन्हा मोजून खात्री केलेली.

मचवा

दोन ओळी लिहिल्या तर हरकत नाही. पण ग्रामसभेच्या फळ्यावर एकच आकडा चढतो हे मी पाहिलंय. एकच रकाना असेल तर मी अजूनही सगळ्यात जास्त आकडा लिहीन, सरासरी नाही आणि मध्यकही नाही. पाण्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट विहीर कोणती हेच महत्त्वाचं.

रायवळ

सगळ्यात जास्त आकडा लिहायचा तर पहिल्या दिवशी 1260 पण त्याच वजनाने चर्चेत आला असता ना? तो तर चुकीचा होता.

मचवा

म्हणून आधी पुन्हा मोजायचं. ते तर दोन्हीकडे करायचंच आहे.

कातळफूल

फळ्यावर दोन रकाने करून घ्यायला सरपंचांनी होकार दिला आहे. पहिल्यात मध्यक आणि मॅड, दुसऱ्यात खात्री करून घेतलेल्या वेगळ्या विहिरी नावानिशी.

गेल्या वर्षीच्या 139 पुढे वहीत प्रश्नचिन्ह टाकलं आहे, आकडा बदललेला नाही. आता प्रत्येक नोंदीसोबत चिन्ह दिसलं की नाही याचा वेगळा रकाना ठेवतोय, आणि गुणाकार वहीत करायचा नाही, पडद्यावर दिसेल तेच लिहायचं असं ठरवलं आहे. खालच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी पुढच्या अमावस्येच्या आणि पौर्णिमेच्या उधाणात, आणि मधल्या भांगात, भरती-ओहोटी दोन्ही वेळेला मोजणार आहोत. @खाडीकाठ, तुमच्या त्या दोन बावींचे आकडे मिळाले तर तेही द्या, सोबत मांडून बघता येतील.

खाडीकाठ

देतो. पण माझ्याकडे मीटर नाही, तुमचंच घेऊन या. बांधापर्यंतची पाणंद सध्या कोरडी आहे, पाऊस लागला की चिखलातून जाता येणार नाही.